दप्तरातली जादा चड्डी

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, जूनच्या मध्यालाही ऊन हटत नाही, म्हणून इथली घंटा जूनच्या अखेरीला वाजते. तोवर पावसाला सुरुवात झालेली असते. नर्सरीत पहिल्यांदाच आलेल्या लेकराला आईपासून दूर बसायचं असतं, अनोळखी संडासात जायचं असतं, आणि त्याच दिवसांत दोरीवरचे कपडे वाळत नसतात. अमरावती-अकोल्यातल्या नर्सरीच्या ताईंना किंवा मावश्यांना जुलै कसा गेला विचारलं, तर त्या आधी ओल्या चड्ड्यांचं सांगतात. गाणी, रंग, अक्षरं हे सगळं नंतर येतं.

यात नवल काहीच नाही, हे एका साध्या हिशेबावरून कळतं. आपल्या राज्यात नर्सरीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे डिसेंबरच्या शेवटी जन्मलेलं मूल शाळेच्या पहिल्या दिवशी जेमतेम अडीच वर्षांचं असतं, आणि त्याच्याच शेजारी बसलेलं जानेवारीतलं मूल जवळपास साडेतीन वर्षांचं. मोठ्या माणसाला एक वर्ष काहीच वाटत नाही. पण दिवसा शी-शूवर ताबा येण्याचं वय साधारण दोन ते चार आहे, आणि नर्सरीचा अख्खा वर्ग नेमका त्यातच बसलेला असतो. बालरोगतज्ज्ञ पाच वर्षांपर्यंत अधूनमधून दिवसा चड्डी ओली होण्याला आजार म्हणत नाहीत. तरीही पालकांना येणारा संदेश बहुतेक ठिकाणी दोन ओळींचा असतो: मुलांना टॉयलेट ट्रेनिंग देऊन पाठवावे, दप्तरात एक जादा ड्रेस ठेवावा. पहिली ओळ अडीच वर्षांच्या लेकरावर त्याच्या आवाक्याबाहेरचं ओझं टाकते. दुसरी अर्धवट आहे. आणि पालकांना जे खरं विचारायचं असतं, म्हणजे माझ्या पोराचं झालं तर त्याला कोण नेतं, कोण धुतं, त्याला काय बोलतात, त्याबद्दल त्या संदेशात एक अक्षर नसतं.

लेकराच्या शरीरात काय चालतं ते आधी पाहू, कारण शाळेचं वेळापत्रक त्यावरच बसवायला हवं. लहान मुलाच्या मूत्राशयात किती मावतं याचा डॉक्टर एक ढोबळ हिशेब करतात: वयात एक मिळवायचा आणि तीसने गुणायचं. तीन वर्षांच्या मुलाचे होतात १२० मिलिलिटर, म्हणजे एक भरलेला चहाचा कप. सकाळी घरून पेलाभर दूध पिऊन निघालेल्या मुलाला हा कप दोन-अडीच तासांत भरतो. मोठ्यांना तो भरत आल्याची जाणीव बऱ्याच आधी होते. या वयात ती अगदी शेवटी होते, आणि हातात ठोकळे असतील तर त्याहून उशिरा. त्यानंतर मुलाला ताईंना सांगायचं असतं, उठायचं असतं, दारापर्यंत चालायचं असतं, चड्डी खाली करायची असते आणि बसायचं असतं. एवढं सगळं काही मिनिटांत झालं तरच चड्डी कोरडी राहते.

ही साखळी सगळ्यात जास्त वेळा कपड्यांपाशी तुटते. बेल्ट, हूक, घट्ट जीन्स, खांद्यावर पट्टे असलेली डांगरी, अंगाला चिकटलेली लेगिंग, नाडीची गाठ. मूल वेळेवर सांगतं, वेळेवर धावतं, संडासाच्या दारात पोचतं आणि हुकाशी झटत उभ्या उभ्याच मोकळं होतं. मावशी म्हणतात, याचं नेहमीचंच आहे. खरं तर दोष त्या हुकाचा असतो. आणि हूक सोडवणं शिकवता येतं. मारिया माँटेसरींनी रोममध्ये १९०७ साली बालगृह सुरू केलं. त्यांच्या साहित्यात लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाचे दोन पदर असतात, एका चौकटीला बटणं, एकीला हूक, एकीला नाडी. मूल मांडीवर चौकट घेऊन तेच ते उघडत-लावत बसतं. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ती पद्धत रुजवली. ताराबाई काही वर्षं अमरावतीला संसार करून राहिल्या होत्या, पुढे भावनगरला गिजुभाईंसोबत काम करू लागल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी जी बालवाडी चालवली, तिथे अंग धुणं, नखं कापणं, शरीर स्वच्छ ठेवणं हा शिक्षणाचाच भाग होता. आज भिंतीवर एबीसीडी रंगवलेल्या नर्सरीत बटणाची चौकट क्वचित दिसते. शाळा उघडल्यावर पहिले पंधरा दिवस मुलांना स्वतःची चड्डी वर-खाली करायला शिकवलं, तर पुढची निम्मी धावपळ वाचेल असं मला वाटतं.

दुसरी अडचण संडासाची. घरी खुर्चीसारखा कमोड आणि शाळेत उकिडवं बसायचं भांडं, किंवा याच्या उलट. खेड्यातून आलेलं मूल आजवर न्हाणीत किंवा अंगणाच्या कोपऱ्यात बसलेलं असतं. मोठ्यांच्या मापाच्या भांड्यावर तीन वर्षांच्या पोराचे पाय पुरत नाहीत आणि मधलं भोक त्याला भलतंच मोठं दिसतं. त्यात दिवा बंद, फरशी ओली, जेटचा आवाज. मग ते आत जायचंच टाळतं आणि धरून ठेवतं. प्रवेशाच्या वेळी फी विचारतात तसंच शाळेतलं भांडं कसं आहे हे विचारावं, आणि मुलाला एकदा आत नेऊन दाखवावं. शू-शीला घरी काय म्हणतात हेही ताईंना लिहून द्यावं. कुणाकडे सू म्हणतात, कुणाकडे पॉटी, मेळघाटातून आलेलं पोर कोरकूत सांगेल. ताईंना ते कळलंच नाही तर सांगूनही न सांगितल्यासारखं होतं.

आता एका मुलाचं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात कामाची गोष्ट त्यातच आहे. अकोल्यातल्या एका खासगी नर्सरीतला मुलगा, नुकताच तीन वर्षांचा झालेला. घरी दिवसा कोरडा असायचा. शाळेत जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जवळपास रोज कपडे ओले होऊ लागले. घरच्यांना वाटलं, मुद्दाम करतो. आजीने तर दारातच विचारलं, "एवढा मोठ्ठा झाला अन् चड्डीत मुतते काय बे?" ताईंनी मात्र एका साध्या वहीत वेळा लिहून ठेवल्या होत्या. सोमवारी दहा वाजून पाच मिनिटं. मंगळवारी दहा-दहा. बुधवारी काहीच नाही. गुरुवारी दहा. शुक्रवारी दहा वाजता कोरडा राहिला, पण घरी जाताना व्हॅनमध्ये पावणेबारा वाजता ओला.

पाच दिवसांची ही नोंद वाचली की कारण आपोआप दिसतं. मुलगा साडेसातला पेलाभर दूध पिऊन, शू न करताच व्हॅनमध्ये बसायचा. शाळा साडेआठची. सगळ्या वर्गाला रांगेने संडासला नेण्याची वेळ होती साडेदहा, डबा खाऊन झाल्यावर. त्याआधी नऊच्या सुमाराला ताई प्रत्येकाला विचारायच्या, शू आली का? तो नाही म्हणायचा, आणि ते खरंच असायचं. त्याचा कप भरायचा दहाला. बुधवारी उठायला उशीर झाला म्हणून दूध राहून गेलं होतं, आणि त्या दिवशी तो कोरडा राहिला. शुक्रवारी ताईंनी त्याला पावणेदहालाच नेलं होतं, पण नंतर साडेदहाच्या रांगेत तो बसला आणि झालं नाही. शाळा सुटताना पुन्हा कुणी नेलं नाही, आणि व्हॅन आठ घरं फिरून त्याच्या घरी पोचायची.

उपाय इतकाच होता. दूध सातला द्यायचं, निघण्याआधी शू करवायची, शाळेत त्याला एकट्याला पावणेदहाला न्यायचं आणि सुटण्याआधी दहा मिनिटं पुन्हा न्यायचं. नेताना विचारायचं नाही, कारण खेळणाऱ्या मुलाचं उत्तर कायम नाहीच असतं. चल, जाऊन येऊ, एवढंच म्हणायचं. पुढच्या आठवड्यात वहीत एकच नोंद राहिली. तरीही काही दिवस चड्डी ओली होणारच होती, हे ताईंनी घरी आधीच सांगून ठेवलं होतं आणि ते महत्त्वाचं होतं.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, घाबरून दर अर्ध्या तासाला बसवणं. त्याने मूल कंटाळतं, आणि कप भरल्याची जाणीव ओळखायला शिकतच नाही. दीड ते दोन तासांचं अंतर पुरे. दुसरी चूक जास्त वाईट, आणि आपल्या उन्हाच्या मुलखात तर धोक्याची: शाळेत भिजू नये म्हणून पाणी तोडणं. घरून बाटली रिकामी पाठवणारे पालक आहेत. पाणी कमी पडलं की लघवी गडद होते, जळजळते, शी घट्ट होते, आणि या दोन्हींमुळे चड्डी ओली होणं वाढतं. कमी होत नाही.

शी घट्ट होण्याचा हा विषय थोडा थांबून सांगायला हवा, कारण इथे सगळ्यात जास्त लेकरांवर अन्याय होतो. एक मुलगी आहे असं धरू, साडेतीन वर्षांची. तिच्या चड्डीला दिवसातून तीन-चार वेळा थोडीशी पातळ शी लागलेली दिसते. शाळा म्हणते हगवण आहे, घेऊन जा. घरचे औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवायचं औषध आणतात. दोन दिवसांनी परिस्थिती आणखी बिघडते. प्रत्यक्षात हा जुलाब नसतो, उलट बद्धकोष्ठ असतो. कधीतरी घट्ट शी होताना दुखलेलं असतं, त्या भीतीने मूल धरून ठेवतं. आत मोठा कडक गोळा साठतो, आतडं ताणलं जाऊन त्याची जाणीव बोथट होते, आणि वरची पातळ शी त्या गोळ्याच्या कडेने झिरपत चड्डीत येते. मुलाला ती आलेली कळतसुद्धा नाही. त्याला रागावून काय उपयोग? हा भरलेला गोळा मूत्राशयावर दाब देतो, म्हणून अशा मुलांची शूही निसटते.

ओळखायचं कसं? मूल पडद्यामागे किंवा कोपऱ्यात जाऊन पायांची कात्री करून ताठ उभं राहतं. लोक समजतात जोर देतंय, पण ते खरं तर दाबून धरत असतं. चार-पाच दिवसांतून एकदा इतकी मोठी शी होते की भांडं तुंबतं. पोट फुगलेलं, भूक कमी. रोज अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिणाऱ्या आणि पोळी-भाजी टाळणाऱ्या मुलांत हे फार दिसतं. यावर घरी साबणाची कांडी किंवा एनिमा देऊ नये. बालरोगतज्ज्ञ आधी साठलेलं मोकळं करायला आणि नंतर शी मऊ ठेवायला औषध देतात. ते कित्येक महिने चालतं. दोन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून बंद केलं की गोळा परत साठतो. सोबत जेवणानंतर पाच मिनिटं बसवायचं, कारण पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हलतं. कमोड असेल तर पायाखाली पाट द्यायचा. लोंबकळत्या पायांनी जोर देता येत नाही.

डॉक्टरकडे लगेच जावं अशी आणखीही काही लक्षणं आहेत. सहा महिने छान कोरडं राहिलेलं मूल अचानक भिजवू लागलं, त्याची तहान खूप वाढली आणि वजन उतरलं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासावी. लहानपणचा मधुमेह असाच समोर येतो. ताप आणि लघवीला जळजळ असेल तर लघवी तपासावी. मुलगी नीट शू करूनही दोन वेळांच्या मधल्या काळात सतत थेंब थेंब ओलीच असेल, तर जन्मजात रचनेचा दोष असू शकतो. आणि काहीच शारीरिक कारण नसताना कोरडं मूल भिजवू लागलं, तर घरात काय बदललं ते पाहावं: बाळाचा जन्म, बदली, शाळेतल्या कुणाची भीती.

या शेवटच्या शब्दांवरून पुढच्या मुद्द्याकडे येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत नर्सरीच्या वयाच्या दोन मुलींवर शाळेच्या स्वच्छतागृहात अत्याचार झाल्याची तक्रार आली, सफाई कर्मचाऱ्यावर गुन्हा दाखल झाला, आणि २० ऑगस्टला लोकांनी रेल्वेमार्ग रोखला. दुसऱ्याच दिवशी राज्य सरकारने आदेश काढला: शाळेत सीसीटीव्ही, सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, आणि लहान वर्गांसाठी प्राधान्याने महिला कर्मचारी. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती तर मार्च २०२२ च्या आदेशापासूनच अपेक्षित होती. पण ओल्या मुलाला धुण्याची जागा अशी असते जिथे कॅमेरा बसवता येत नाही आणि बसवूही नये. तिथे शाळेची शिस्तच कामी येते.

चांगल्या नर्सरीत ती शिस्त अशी असते. मुलाला धुण्या-बदलण्याचं काम ठरलेल्या दोन महिला कर्मचाऱ्यांकडेच असतं आणि त्यांची नावं पालकांना माहीत असतात. एक जण बदलते तेव्हा दुसरी ऐकू येईल एवढ्या अंतरावर असते. दार ओढून घेतलेलं, पण कडी लावलेली नाही. व्हॅनचा काका, शिपाई, दुसऱ्या मुलाचे पालक, कुणीही आत येत नाही. मुलाला जे स्वतःला जमतं ते त्यालाच करू देतात. स्पर्श करण्याआधी सांगतात, आता मी पाणी टाकते, आता पुसते. मुलींना पुढून मागे धुतात आणि पुसतात, त्याने मागचे जंतू पुढे जात नाहीत. मुलाचा फोटो कधीच काढत नाहीत, अगदी पालकांना दाखवायलासुद्धा नाही. वर्गात गाणं चालूच राहतं, आणि मुलाला धुऊन आणेपर्यंत बाकीच्यांना काय झालं याचा पत्ता लागत नाही. ओली चड्डी हातात धरून वर्गासमोर विचारणं ही शिक्षाच आहे, मग तोंडाने काहीही म्हणोत. त्या एका विचारण्यानंतर मूल सांगणं बंद करतं आणि धरून ठेवू लागतं. पुढची गोष्ट वर सांगितलीच.

साफसफाईबद्दल थोडंच सांगतो, पण नेमकं. फरशीवरची शू आधी जुन्या कापडाने टिपायची, मग साबणाच्या पाण्याने पुसायची, एवढं पुरतं. शी असेल तर हातमोजे घालून कागदाने उचलून भांड्यात टाकायची, जागा साबणाने धुवायची, आणि मग सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी दहा मिनिटं ठेवायचं. बाजारातलं द्रावण साधारण पाच टक्क्यांचं असतं, त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग. संडास धुवायच्या अॅसिडमध्ये ते कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. शी लागलेली चड्डी शाळेत चोळून धुवायची नाही. आपल्या मावश्या प्रेमापोटी ती नळाखाली धरतात, पण शिंतोड्यांनी जंतू हातावर, नळावर, शेजारच्या बाटलीवर जातात. शी भांड्यात झटकायची, कपडा पिशवीत बांधायचा आणि घरी द्यायचा. यावर रागावणारे पालक असतात. घाणेरडे कपडे तसेच दिले म्हणून. त्यांना कारण आधीच सांगितलेलं असलं तर कुणी रागावत नाही.

यात पाण्याचा प्रश्न आहेच. अमरावतीला पाणी अप्पर वर्धा धरणातून येतं, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून, आणि नळ रोज येतीलच असं नाही. भाड्याच्या घरात चालणाऱ्या नर्सरीत दुपारपर्यंत टाकी तळाला गेलेली असते. अशा ठिकाणी मुलांसाठी झाकणाची वेगळी बादली आणि तोटीचं पिंप सकाळीच भरून ठेवायला हवं. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस नीट येत नाही, म्हणून साबण जास्त लावला जातो, तो पुरता निघत नाही आणि मांड्यांच्या घड्यांत लाली येते. तिथे शू झाली असेल तर नुसत्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपलेलं बरं. साबण शीपुरता ठेवावा.

आता दप्तर. जादा ड्रेस एवढं लिहिलं की पालक लग्नातला फ्रॉक घडी करून ठेवतात. लागतात त्या वस्तू वेगळ्याच. दोन चड्ड्या, एक सैल इलॅस्टिकची पँट, एक बनियन किंवा टीशर्ट. शू पायांवरून खाली येते आणि बुटात साचते, म्हणून मोज्यांचा जोड आणि रबरी चपला हव्यातच. कपडे बदलून मुलाला ओल्या बुटात परत उभं केलेलं मी पाहिलं आहे. जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे दोन तुकडे, धुतल्यावर टिपायला. पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, म्हणून रेनकोटच्या कापडाची चेनवाली पिशवी शिवून घ्यावी, शिंपी उरलेल्या तुकड्यातून करून देतो. एका कप्प्यात कोरडं, दुसऱ्यात ओलं. प्रत्येक कपड्यावर आतल्या बाजूने नाव. पिशवी वापरली की त्याच रात्री पुन्हा भरायची, नाहीतर नेमका दुसऱ्या दिवशी मुलाला दुसऱ्याचे कपडे घालून घरी यावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीत एकदा ती उघडून मापं तपासावी. जूनमध्ये ठेवलेली पँट डिसेंबरात चढत नाही, आणि इथल्या थंडीच्या सकाळी ओल्या मुलाला पँटीबरोबर स्वेटरही लागतो.

डायपरबद्दल नेहमी वाद होतो. शाळेत डायपर चालणार नाही असं म्हणणाऱ्या नर्सरी आहेत, आणि त्यापायी प्रवेश नाकारणाऱ्याही. अडीच वर्षांच्या मुलाला घेता आणि त्याच्या शरीराने साडेतीन वर्षांचं वागावं म्हणता, हे बरोबर नाही. पण पालकांनीही लपवून डायपर बांधून पाठवू नये. मावशीला माहीत नसतं, तो चार तास तसाच राहतो आणि कातडी सोलवटते. उघड सांगावं, प्रवासापुरता बांधावा, शाळेत काढावा.

शाळांना पाठवायला सोपं जावं म्हणून पालकांसाठी एक मसुदा इथे देतो. नावं आणि वेळा आपापल्या भराव्या, आणि प्रवेशाच्या दिवशीच तो हातात द्यावा, पहिली चड्डी ओली झाल्यावर नव्हे.

"नमस्कार. आपलं मूल नर्सरीत येत आहे. या वयात वर्गात शू किंवा शी होणं नेहमीचं आहे, पहिले दोन-तीन महिने जास्तच. असं झालं तर आमच्या या दोन ताई-मावशी त्याला बाजूला नेतात, धुतात आणि कपडे बदलतात. दुसरं कुणीही हे काम करत नाही. आम्ही मुलाला रागावत नाही, इतरांसमोर बोलत नाही, फोटो काढत नाही. वेळ आणि काय झालं ते वहीत लिहितो आणि सुटताना तुम्हाला एकट्याला सांगतो. शी लागलेले कपडे आम्ही धूत नाही, बांधून देतो, कारण त्याने जंतू पसरतात. मुलांना आम्ही अमुक अमुक वेळी संडासला नेतो. तुमच्या मुलाची वेळ वेगळी असेल तर सांगा, आम्ही त्याला तेव्हा नेऊ. घरी शू-शीला काय म्हणतात, भांडं कसलं आहे, बद्धकोष्ठ किंवा काही औषध चालू आहे का, हे सोबतच्या कागदावर लिहा. इलॅस्टिकचे कपडे घाला. पाण्याची बाटली भरून द्या. निघण्याआधी शू करवा. जुलाब लागले असतील तर ते थांबून दोन दिवस होईपर्यंत घरी ठेवा. घरी आल्यावर पिशवीकडे बोट दाखवून मुलाला विचारू नका. कपडे धुवायला टाका आणि पिशवी पुन्हा भरा. मूल काही वेगळं सांगू लागलं, कुणाचं नाव घेऊ लागलं, संडासाला घाबरू लागलं, तर त्याच दिवशी आम्हाला भेटा."

शेवटच्या वाक्यावर शाळेने सही करावी. तक्रार येऊ नये म्हणून ते वाक्य गाळायचा मोह होतो.

शाळेकडून असा कागद मिळाला नाही, तर पालकांनी तो मागावा. अंगणवाडी असो की महिन्याला हजारो रुपये घेणारी नर्सरी, सेविकाताईंना किंवा बाईंना पहिल्याच भेटीत नावानिशी विचारा: माझ्या लेकराचं झालं तर त्याला कोण धुतं, तेव्हा जवळ आणखी कोण असतं, आणि मला कधी सांगता? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळत नसतील, तर फी भरायची घाई करू नका.